टाके आठवड्यात निघतात, निळं नाही

प्रश्न : माझं वय ४६. घोडबंदर रोडला राहते, नोकरी ऐरोलीला, पगारपत्रकांचं काम, म्हणजे दिवसभर स्क्रीन. वरच्या पापण्या लोंबून डोळ्यांवर आल्यात, खाली पिशव्या आहेत. ठाण्यातल्या सर्जननी चारही पापण्यांची ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे सैल कातडी आणि पिशव्या काढायचं ऑपरेशन, सुचवली आहे. क्लिनिकमधली मुलगी म्हणाली, ‘आठवड्यात ऑफिसला जाल.’ १२ डिसेंबरला भाचीचं लग्न आहे, म्हणून २७ नोव्हेंबरचा शुक्रवार घ्यायचा विचार आहे. पंधरा दिवस पुरतील ना? रजा किती टाकू? आणि ऑफिसात, सोसायटीत, सासूबाईंना काय सांगू? नवऱ्याचं म्हणणं, ‘बाथरूममध्ये पडली म्हणून सांगू.’
— एक वाचक, ठाणे

ताई, नमस्कार.

२७ नोव्हेंबर रद्द करा. बाकीचं सगळं जमण्यासारखं आहे, पण ही तारीख नाही.

मी बावीस वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते. ‘आठवड्यात ऑफिस’ हे वाक्य मीही शेकडो वेळा ऐकलंय, आणि सुरुवातीच्या काळात बोललेही आहे. ते खोटं नसतं, अर्धवट असतं. पाचव्या ते सातव्या दिवशी टाके निघतात, तेवढ्यापुरतं ते खरं. पण टाके निघणं वेगळं, चेहरा चारचौघांत नेण्यासारखा होणं वेगळं आणि डोळ्यांनी नऊ तास स्क्रीन सोसणं आणखी वेगळं. तुमचं काम पगारपत्रकांचं, तेव्हा तुम्हाला हा तिसरा हिशेब सगळ्यात महाग पडणार आहे, आणि क्लिनिकच्या काउंटरवर तो कुणी मांडत नाही.

पापणीची कातडी अख्ख्या शरीरात सगळ्यात पातळ असते. तिच्याखाली चरबीचा थरही जवळपास नसतो, सगळं सैल. एरवी रात्री उशिरा लोणचं-पापड खाल्लं तरी सकाळी डोळे सुजतात ते याचमुळे. तिथे सुरी फिरल्यावर पाणी आणि रक्त साठायला मोकळं रान मिळतं. ऑपरेशनचा दिवस शून्य धरा. त्या संध्याकाळी तुम्ही घरी याल, डोळ्यांत मलम असल्यामुळे सगळं धुरकट दिसेल, पण आरशात पाहून वाटेल, बरं आहे की. फसू नका. सूज त्यानंतर चढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला असते आणि सकाळी उठल्यावर सगळ्यात वाईट, कारण रात्रभर आडवं झोपल्यावर पाणी तोंडाकडे येतं. डोळ्यांच्या जागी दोन फटी दिसतील. एक डोळा जास्त सुजेल, एक कमी, हेही बहुतेकांचं होतं. माझ्या एका पेशंटने तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला वॉर्डात फोन केला होता, ‘सिस्टर, एक डोळा बिघडला.’ बिघडला नव्हता. रात्रभर त्या कुशीवर झोपली होती.

म्हणून निदान पहिला आठवडा, शक्यतो दोन, पाठीवरच झोपायचं आणि डोकं वर ठेवायचं. दोन-तीन उशा एकावर एक ठेवल्या की मान अवघडते, त्यापेक्षा गादीच्या डोक्याकडच्या बाजूखालीच लोड सरकवा, म्हणजे पाठीपासून चढण मिळते. पहिले दोन दिवस जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटं थंड शेक द्यायचा. बर्फ थेट लावायचा नाही, कातडी बधिर असल्याने भाजलं तरी कळणार नाही. फ्रीजरमधल्या मटारच्या दोन छोट्या पिशव्या स्वच्छ मलमलीच्या रुमालात गुंडाळा, त्या डोळ्यांवर हलक्या बसतात. दोन दिवसांनंतर थंडाचा उपयोग कमी होत जातो. त्या आठवड्यात पापड, लोणचं, फरसाण बंद. मिठाने पाणी धरतं.

आता काळंनिळं. यात एक गोष्ट आधीच माहीत असली तर घाबरगुंडी उडत नाही : डाग खाली सरकतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पापण्यांचा निळेपणा ओसरायला लागतो आणि गालावर, कधी जबड्यापर्यंत, नवाच डाग उमटतो. लोकांना वाटतं आतून पुन्हा रक्त सुटलं. ते तेच जुनं रक्त, वजनाने खाली उतरलेलं. रंगही बदलत जातात. सुरुवातीला वांग्यासारखा जांभळा, मग निळा, आठवड्याच्या सुमाराला कडांना हिरवट, मग हळदीसारखा पिवळा. रक्तातला लाल रंग मोडताना आधी हिरवा आणि मग पिवळा पदार्थ तयार होतो, म्हणून पिवळं दिसायला लागलं की काम शेवटाकडे आलं असं समजा. बहुतेकांचं दहा ते चौदा दिवसांत एवढं उतरतं, काहींना तीन आठवडे लागतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मात्र आणखी एक टप्पा असतो, जो गोऱ्या लोकांच्या फोटोंमध्ये दिसत नाही. पिवळं गेल्यावर खाली तपकिरी सावली राहते. रक्तातलं लोह कातडीत अडकलेलं असतं, आणि त्यात ऊन लागलं की कातडी स्वतःचा काळेपणा वर चढवते. ती सावली कित्येक आठवडे रेंगाळू शकते. मोठा गॉगल आणि छत्री या काळात नटण्यासाठी नाही, औषध म्हणून वापरायची.

डोळ्यांच्या आतला भाग वेगळाच. खालच्या पापणीचं काम झालं की काहींना बुबुळाच्या बाजूचं पांढरं फुगतं, पाण्याच्या फोडासारखं, जेलीसारखं चमकतं. दिसायला भीतिदायक, पण बहुधा थेंब-मलमाने बसतं. वेळ मात्र दोन आठवड्यांपासून त्याहून जास्तही लागू शकतो. सर्जनना दाखवायचं, स्वतः थेंब बदलायचे नाहीत. सुजेमुळे आणि कातडी ताणल्यामुळे पहिले काही दिवस झोपेत डोळे पूर्ण मिटतही नाहीत, बारीक फट राहते. त्यासाठी रात्री मलम असतं, आणि ते लावल्यावर मोबाइलवर काही दिसत नाही म्हणून लोक ते टाळतात. टाळू नका. कोरडा पडलेला डोळा खुपतो, आणि उलट जास्त पाणी गाळतो.

याच कोरडेपणामुळे तुमची स्क्रीन अडते. स्क्रीनकडे पाहताना माणूस एरवीपेक्षा खूप कमी वेळा पापण्या मिटतो. चांगल्या डोळ्यांना ते चालून जातं. दहाव्या दिवशीच्या डोळ्यांना अर्ध्या तासात वाळू गेल्यासारखं होतं, आकडे पुसट होतात आणि तीनचे आठ दिसायला लागतात. पगारपत्रकात हे परवडणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून थोडं वाचता येतं, टीव्ही पाहता येतो. पण सलग काम मी कुठल्याही लेखापालाला दहा दिवसांच्या आत सुरू करू दिलं नसतं, आणि तेव्हाही अर्धाच दिवस, दर वीस मिनिटांनी डोळे मिटून, थेंब हाताशी ठेवून. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर निदान दोन आठवडे विसरा. जुना चष्मा आधीच काढून नंबर बरोबर आहे ना ते बघून ठेवा.

आता १२ डिसेंबरचा दिवस डोळ्यांसमोर आणा. २७ नोव्हेंबरपासून तो पंधरावा. मेंदी त्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे तेराव्या दिवशी. चेहऱ्यावर पिवळट-तपकिरी छटा, सकाळी उठल्यावर खालच्या पापण्या फुगलेल्या, वरच्या घडीत गुलाबी रेघ. ती रेघ सहा-आठ आठवडे तरी गुलाबी राहते, कधी त्याहूनही जास्त. मेकअप लावायला परवानगी जेमतेम मिळालेली. होमाचा धूर डोळ्यांत. प्रत्येक मोठ्या माणसाच्या पाया पडायला वाकायचं, आणि वाकलं की रक्त डोक्याकडे जातं, जे दोन-तीन आठवडे टाळायचं असतं. वर फोटोवाला जवळून फ्लॅश मारणार. आणि तुम्ही मावशी, म्हणजे पळापळीतून सुटका नाहीच.

मोठ्या कार्यक्रमाआधी सहा आठवडे ही माझी कमीत कमी रेषा, आठ असतील तर उत्तम. तुमच्यासाठी मी कॅलेंडर समोर घेऊन बसले. यंदा १ ऑक्टोबर गुरुवारी येतो. २ तारखेला गांधी जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. तुम्हाला पाच दिवसांचा आठवडा आहे असं मी धरलंय. गुरुवारी ऑपरेशन, एकच रजा. सुजेचा कळस, म्हणजे दुसरा-तिसरा दिवस, शनिवार-रविवारी पडतो, तेव्हा घरी सगळी माणसं असतात. सोमवार ५ ते शुक्रवार ९ अशी पाच दिवस रजा. बुधवार-गुरुवारच्या सुमाराला टाके. एकूण सहा रजा झाल्या. पुढचा आठवडा, १२ ते १६, घरून काम मागा, आणि तेही पहिले तीन दिवस अर्धवेळ. सोमवार १९ ला ऑफिस. तो अठरावा दिवस. घरून काम मिळणार नसेल तर रजा अकरा होतील. आणखी दोन राखून ठेवा, कारण फुगलेलं पांढरं किंवा एखादा हट्टी डाग कुणाला विचारून येत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे, ती ४५ पर्यंत साठते. वेगळ्या आजारपणाच्या रजेचं त्यात नाव नाही, ती कंपनी आपल्या नियमाने देते. व्यवस्थापकीय पदांना हा कायदा सरसकट लागू होत नाही, तेव्हा आपलं नेमणूकपत्र बघा. दुखण्याची रजा ठरवून केलेल्या ऑपरेशनला चालते का, हे एचआरला आधी विचारा. माझा कल साठलेली हक्काची रजा वापरण्याकडे आहे, तिला कारण सांगावं लागत नाही. आणि पगाराचा आठवडा टाळा. तुमच्या कामात महिन्याची अखेर सगळ्यात जड असणार, म्हणून १ तारीख बरी वाटते; सप्टेंबरचा पगार काढून मोकळ्या होऊनच आत जा.

लग्नापर्यंत मग बहात्तर दिवस मिळतात. मध्ये दिवाळीही येते, पण तोवर महिना उलटून गेलेला असेल, चकल्या तळायला हरकत नाही. ऑक्टोबरची उष्णता मात्र त्रास देईल. घाम टाक्यांवर येऊ नये म्हणून खोलीत एसी किंवा निदान चांगला पंखा हवा, पण एसीचा झोत तोंडावर नको, डोळे वाळतात.

आधीच्या तयारीत एकच गोष्ट काळजीपूर्वक करा. तुम्ही घेत असलेली प्रत्येक गोळी कागदावर लिहून सर्जनना द्या, ‘ही कसली औषधं’ वाटणारीसुद्धा. गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या गोळ्या, यांनी रक्त जास्त वाहतं आणि निळं जास्त पसरतं. साधारण दहा ते चौदा दिवस आधी त्या बंद करायला सांगतात. पण हृदयासाठी किंवा मेंदूच्या झटक्यासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ते तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील. रक्तदाब असेल तर आटोक्यात आहे का, हे महिनाभर आधी पाहायचं. आणि डोळे आधीपासूनच कोरडे असतील तर नक्की सांगा. त्यावरून किती कातडी काढायची हेसुद्धा बदलतं.

घरी आल्यावर घागर, बादली, भरलेला कुकर, नातवंडं-भाचवंडं काहीही उचलायचं नाही, दोन-तीन आठवडे. सूर्यनमस्कार बंद. शिंक आली तर तोंड उघडून शिंका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानेही दाब चढतो. वेदनेच्या गोळ्यांपैकी काहींनी पोट अडतं, म्हणून आधीच इसबगोल आणून ठेवा. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण पाचव्या दिवशी बाथरूममधून नव्याने निळा डोळा घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्यात.

एवढ्या सगळ्यात धोक्याची खूण कोणती, ते तुम्ही आणि घरातलं एक माणूस, दोघांनी पाठ करून ठेवा. पहिल्या चोवीस तासांत, क्वचित नंतरही, एका डोळ्यात एकदम वाढत जाणारी तीव्र कळ, डोळा दगडासारखा कडक होऊन पुढे आलेला, नजर अंधुक होत चाललेली किंवा दोन-दोन दिसणारं. डोळ्याच्या मागे रक्त साठल्याची ही लक्षणं. हे फार क्वचित होतं, पण झालं तर नजर वाचवायला मिनिटं मोजावी लागतात. सकाळपर्यंत थांबायचं नाही, गोळी घेऊन झोपायचं नाही, क्लिनिकचा फोन लागला नाही म्हणून बसायचं नाही. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं, वाटेत सर्जनना फोन. साध्या सुजेत डोळा मऊ असतो, दुखणं गोळीने कमी होतं आणि मलम पुसल्यावर नजर स्वच्छ होते, हा फरक लक्षात ठेवा. म्हणूनच पहिल्या रात्री घरात जागं राहील असं माणूस हवं, आणि घोडबंदरच्या वाहतुकीतून तुमच्या घरापासून रुग्णालयाला किती वेळ लागतो हे आधीच बघून ठेवा. दुसरी खूण सावकाश येते : तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढणारी लाली, गरमपणा, पू, ताप. त्यालाही त्याच दिवशी दाखवायचं.

आता सांगायचं काय.

तुमच्या यजमानांना नमस्कार सांगा, पण बाथरूमची गोष्ट सोडून द्या. दोन्ही डोळे काळेनिळे, नवरा बाजूला उभा, आणि बायको म्हणते ‘पडले’. सोसायटीतल्या बायका ‘हो का’ म्हणतील आणि लिफ्टचं दार बंद झाल्यावर काय म्हणतील ते तुम्हाला कळतंय. आमच्या वॉर्डातल्या एका बाईंनी हेच सांगितलं होतं. त्यांच्या शेजारच्या काकूंनी चौथ्या दिवशी नवऱ्याला बाजूला घेऊन, ‘हे बरं नव्हे हं, आम्ही सगळे बघतोय,’ अशी समज दिली. तो बिचारा दर अर्ध्या तासाने मटारची पिशवी बदलत होता. शिवाय पडल्याचं सांगितलंत की लोक बाथरूमला रबरी चटई सुचवतील, मग डोक्याचा स्कॅन केला का विचारतील, आणि एका खोट्याला दुसरं टेकू लावत बसाल. ‘डोळे आले’ म्हणालात तर ऑफिसात कुणी तुमच्या कीबोर्डला हात लावणार नाही. ‘मोतीबिंदू’ म्हणालात तर निम्मे नातेवाईक डॉक्टरचं नाव विचारतील.

खरं सांगा, पण सगळं सांगू नका. ‘पापण्यांची छोटी शस्त्रक्रिया झाली, आता बरी आहे’ हे शंभर टक्के खरं वाक्य आहे. कुणी ‘का?’ विचारलं तर ‘वरच्या पापण्या डोळ्यांवर येत होत्या’, हेही खरं. त्यापुढे ‘डॉक्टरांनी फार बोलू नका म्हटलंय’ हे मात्र म्हणू नका, ते खोटं आहे आणि पकडलं जातं. हसून विषय बदला : ‘तुमच्या मुलाचं काय झालं हो प्रवेशाचं?’ ठाण्यात तरी हा प्रश्न कुणाला थांबवता येत नाही.

सासूबाईंना मात्र आधी सांगा, आणि पूर्ण सांगा. त्या घरात आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचं तोंड कुठल्याही तयारीशिवाय पाहिलं तर त्यांना धसका बसेल आणि दुपारपर्यंत नणंदांना फोन जातील. आदल्या आठवड्यात चहाला बसून सांगा, ‘आई, दोन दिवस फार भयंकर दिसेन, मग उतरेल, डॉक्टरांनी तसं सांगितलंय.’ ‘कशाला ही नसती हौस’ हे एकदा ऐकून घ्यावं लागेल. पण माझ्या अनुभवात ज्या सासूला आधी विश्वासात घेतलं, तीच पुढे दारात उभी राहून पाहुणे परत पाठवते. घरात मुलं असतील तर त्यांनाही सांगा; नाहीतर तुमचा सुजलेला फोटो घरच्या ग्रुपवर पहिल्या दिवशीच जाईल.

ऑफिसात साहेबांना दिवस नेमके सांगा, कारण मात्र दोन शब्दांत. असं लिहा : ‘१ ऑक्टोबरला माझी पापण्यांची नियोजित शस्त्रक्रिया आहे. १ आणि ५ ते ९ ऑक्टोबर रजा, १२ ते १६ घरून काम, त्यातले पहिले तीन दिवस अर्धवेळ, अशी विनंती आहे. सप्टेंबरचं पगारपत्रक मी ३० तारखेपर्यंत पूर्ण करून देईन.’ शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडतं. प्रमाणपत्र मागितलं तर सर्जन ‘पापण्यांची शस्त्रक्रिया, इतके दिवस विश्रांती’ एवढंच लिहू शकतात, ते खरंही आहे आणि पुरेसंही. डोळ्यांचा संसर्ग वगैरे भलतं लिहून मागू नका. मेडिक्लेममध्येही तेच. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तरच अपवाद. तुमच्या वरच्या पापण्या खरोखर नजरेवर येत असतील तर दृष्टिक्षेत्राची तपासणी आधी करून घ्या आणि पूर्वपरवानगीला तो कागद जोडा. खालच्या पिशव्यांचे पैसे खिशातूनच जातील असं धरून चला.

घरून काम करताना पहिल्या आठवड्यात कॅमेरा बंद. ऑफिसात चेहरा दाखवून हजेरी लागत असेल तर परतल्यावर यंत्र कदाचित ओळखणार नाही, एचआरला आधीच सांगून पिनची सोय करून घ्या. परतल्यावरचे पहिले चार दिवस नऊच्या ठाणे-वाशी लोकलचा महिलांचा डबा टाळा. तिथे उतरताना कोणाचं कोपर कुठे लागेल याचा नेम नसतो, आणि वरच्या पापण्या तेव्हाही बधिर असतात, कित्येक आठवडे राहतात. लागलं तरी कळत नाही. तासभर उशिराची गाडी किंवा सरळ रिक्षा.

डाग झाकायला मेकअप टाके निघाल्यावर तीन-चार दिवसांनी, सर्जननी हो म्हटल्यावरच, आणि टाक्यांच्या रेघेवर नाही. आपल्या रंगाला निळ्या-हिरव्यावर आधी नारिंगी छटेचं करेक्टर आणि वर कन्सीलर, नुसत्या कन्सीलरने राखेसारखं दिसतं. लावण्यापेक्षा काढताना जास्त जपा. घासायचं नाही, तेलकट क्लीन्झर भिजवून कापसाने टिपून घ्यायचं. काजळाची पेन्सिल महिनाभर बाजूला. बधिर पापणीवर ती डोळ्यात शिरली तरी उशिरा कळतं.

लोकांचं म्हणाल, तर पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने जातात आणि तोवर फार थोड्यांना नेमकं काय बदललं ते कळतं. ‘बारीक झालीस का?’, ‘चष्मा बदललास?’ असंच विचारतात. ‘सुट्टी मानवली’ म्हणा.

राहिला लग्नाचा मेकअप. पार्लरवालीला आधी सांगून ठेवा, कारण खोट्या पापण्यांचा डिंक काढताना त्या कातडी ओढतात, आणि तुमच्या खालच्या पापणीला ओढणं अजून नको असेल. एकदा सगळं लावून-काढून बघा. त्यासाठी २७ नोव्हेंबरचा शुक्रवार तुमचा तसाही मोकळाच झालाय.